काळ्या कॉफीत चिमूटभर मीठ: कडूपणा खरंच जातो का?

कपबशी
दूध आणि साखर दोन्ही बंद केल्यापासून घरी स्टीलच्या फिल्टरमधली काळी कॉफी पितो. वास उत्तम येतो, पण घोट घेतला की कडू लागते आणि घोट गिळल्यावरही तो कडूपणा जिभेच्या मागच्या भागावर बराच वेळ राहतो. चिमूटभर मीठ घातलं की कडूपणा मरतो असं जिथे तिथे वाचायला मिळतं. एका कपात चिमूटभर घालून पाहिलं तर कॉफी सरळ खारट झाली.
माझी पद्धत अशी: २० ग्रॅम पावडर (६० टक्के कॉफी, ४० टक्के चिकोरी), त्यावर १३० मिली उकळतं पाणी. ते उतरलं की त्याच पावडरीवर पुन्हा तेवढंच पाणी. दोन्ही डिकॉक्शन एकत्र करतो, अर्धं लगेच पितो, उरलेलं संध्याकाळी गॅसवर गरम करून.
मिठाचं नक्की प्रमाण किती? आणि मीठ हा खरा उपाय आहे की दुसरं काही करायला हवं?

रानवारा
मीठ चालतं, डोळे झाकून चालतं. कारल्याला मीठ चोळून ठेवलं की कडूपणा निघून जातो ना, तेच इथेही होतं. माझ्या मते मीठ पावडरीतच मिसळावं, म्हणजे कडू भाग वर चोथ्यातच अडकून राहतो.

साधाच_माणूस
दूध नासणार नाही का पण?

घोटभर
@साधाच_माणूस, धागाकर्ते दूध घालतच नाहीयेत. तरी सांगतो: आपण ज्या प्रमाणाबद्दल बोलतोय तेवढ्या मिठाने दूध नासत नाही. दूध फाटतं ते आंबटपणामुळे. हलक्या भाजणीची कॉफी बरीच आंबट असते, दूध आदल्या दिवशीचं असलं की कपात कण दिसायला लागतात. तिथे मिठाचा काही संबंध नसतो.

दळणकांडण
@रानवारा, निष्कर्ष अर्धा बरोबर आहे, कारण चुकलं आहे. कारल्याच्या फोडींना मीठ लावलं की मीठ फोडींतलं पाणी ओढून घेतं, त्या पाण्याबरोबर कडू रस बाहेर येतो आणि तो आपण पिळून टाकून देतो. म्हणजे तिथे कडू पदार्थ खरोखर कमी होतो. कॉफीत आपण काहीच पिळून टाकत नाही. मीठ घालण्याआधी कपात जेवढे कडू पदार्थ होते तेवढेच नंतरही असतात. सोडियममुळे जिभेवर कडू चवीची जाणीव दबते, एवढंच घडतं. याला जवळचं उदाहरण हवं असेल तर पपनसाच्या फोडींवर मीठ भुरभुरतो ते घ्या. फोड तीच असते, पण कमी कडू आणि जास्त गोड लागते. कडू दबलं की मागे लपलेला गोडवा वर येतो. फिलाडेल्फियाच्या मोनेल या चव आणि वासावरच्या संशोधन केंद्रातल्या ब्रेस्लिन आणि बोशां यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं.
मात्र सगळे कडू पदार्थ मिठाने सारखे दबत नाहीत. काही बरेच दबतात, काही जेमतेम. आणि कॉफीतला कडूपणा एकाच पदार्थाचा नसतो, कॅफिनचा वाटा त्यात लहानच आहे. मोठा वाटा भाजताना तयार होणाऱ्या पदार्थांचा, आणि भाजणी जितकी काळी तितके ते जास्त रेंगाळणारे. म्हणून मिठाने एकाच्या कॉफीत फरक पडतो आणि दुसऱ्याच्या कॉफीत पडत नाही.
पावडरीत मीठ मिसळू नका. ते चोथ्यात काहीही अडकवून ठेवत नाही, पहिल्याच पाण्यात विरघळून खाली उतरतं. जास्त झालं तर सगळं डिकॉक्शन वाया. शिवाय खारं पाणी स्टीलच्या चाळणीत रात्रभर राहिलं की छिद्रांभोवती डाग धरतात.

अनघा_ठाणे
प्रमाण सांगा ना कुणीतरी. ‘चिमूट’ प्रत्येकाची वेगळी. आमच्या घरी सासूबाईंची चिमूट म्हणजे माझा पाव चमचा.

दळणकांडण
तेच तर मूळ दुखणं आहे. साधारण चिमूट ०.३ ग्रॅमच्या आसपास भरते. १५० मिली कपात ती गेली की खारट लागणारच. आपल्याला हवं असतं त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकं, आणि तेवढं मीठ बोटांनी मोजता येत नाही. म्हणून मिठाचं पाणी करून थेंबांनी मोजायचं.
चहाचा एक सपाट चमचा बारीक मीठ आणि त्याच चमच्याने पाच चमचे पाणी. मीठ पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. हे साधारण २० टक्क्यांचं द्रावण झालं. औषधाच्या दुकानात ड्रॉपरची रिकामी बाटली मिळते, तीत भरून ठेवा. वापरलेली औषधाची बाटली घेऊ नका, वास जात नाही.
१५० मिली कॉफीत दोन थेंब घाला, ढवळा, चाखा. मग एकेक थेंब वाढवा. चार थेंबांत जेमतेम ०.०५ ग्रॅम मीठ जातं आणि ते बहुतेकांना खारट म्हणून कळतच नाही. ‘मीठ आहे’ असं ज्या थेंबाला जाणवलं त्याच्या एक थेंब आधी थांबायचं. सहा थेंबांपर्यंत काहीच फरक पडला नाही तर मीठ हा तुमच्या कॉफीचा उपाय नाही, बाटली बाजूला ठेवा.
चव घेताना कॉफी उकळती नको. घोट सहज घेता येईल इतकी निवू द्या.

बीपीवाला
मला रक्तदाब आहे. जेवणातलं मीठ कमी केलंय आणि आता कॉफीत घालू? घरात कमी सोडियमचं मीठ आहे, ते चालेल का?

दळणकांडण
चार थेंबांत साधारण १८ मिलिग्रॅम सोडियम जातं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते, त्या हिशेबात हे किरकोळ आहे. पण तुम्हाला डॉक्टरांनी मर्यादा घालून दिली असेल तर तीच पाळा. कमी सोडियमचं मीठ मात्र इथे उपयोगाचं नाही. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि ते स्वतःच कडवट लागतं. सैंधव किंवा साधं आयोडीनयुक्त मीठ, कुठलंही घ्या, चार थेंबांत फरक कळणार नाही. काळं मीठ तेवढं टाळा, त्याचा वास कॉफीवर बसतो.

चुलीवरची
मीठ कशाला, चिमूटभर खायचा सोडा घाला. कडूपणा म्हणजे आम्लच ना, सोड्याने ते मरतं. पित्तही होत नाही.

घोटभर
नाही हो. आम्ल आंबट असतं, कडू नसतं. सोड्याने आंबटपणा जातो आणि कडूपणा जागच्या जागी राहतो. उलट आंबटपणाची साथ गेल्यामुळे तो जास्तच उघडा पडतो, आणि सोडा जरा जास्त झाला तर कॉफी साबणासारखी लागते.
बोअरच्या पाण्याची कॉफी बेचव होते त्यामागेही हेच कारण आहे. जड पाण्यातले बायकार्बोनेट सोड्याचंच काम करतात. @कपबशी, पाणी कुठलं वापरता? तपासायला सोपं आहे. एकदा घरच्या पाण्याची आणि एकदा बाटलीबंद पाण्याची कॉफी करा, बाकी सगळं तेच ठेवा. फरक ठळक असेल तर आधी पाणी बदला.

कपबशी
पाणी नगरपालिकेचं, साध्या फिल्टरमधून गाळलेलं. केटलवर पांढरा थर धरत नाही, म्हणजे फार जड नसावं.

कूर्गची_वाट
मग पाणी सोडा, मूळ पोस्टकडे वळूया. मिठाच्या नादात सगळ्यांनी यांची पद्धत नीट वाचलेलीच नाही. त्यातच तीन दोष दिसतात, आणि सर्वांत मोठा दुसऱ्या पाण्याचा.
पावडरीतून जे चटकन सुटतं ते आधी येतं: आंबटपणा, गोडवा, वासाचा बराचसा भाग. कडू आणि तुरट भाग हळूहळू सुटतो. तुम्ही १३० मिली उतरवून झाल्यावर त्याच चोथ्यावर उकळतं पाणी ओतता, तेव्हा चांगलं जे होतं ते जवळपास संपलेलं असतं. दुसऱ्या फेरीत उतरतो तो मुख्यतः कडूपणा, आणि तुम्ही तो चांगल्या डिकॉक्शनमध्ये मिसळता. दुधात आणि साखरेत हे खपून जात होतं. आता झाकायला काही नाही.
विश्वास ठेवू नका, करून बघा. २० ग्रॅम पावडर, १३० मिली पाणी. पावडर आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे खाली ९० मिलीच्या आसपास उतरेल. निम्मं उतरलं की फिल्टरचा वरचा डबा उचलून दुसऱ्या पेल्यावर ठेवा आणि उरलेलं त्यात उतरू द्या. नंतर नेहमीसारखं दुसरं पाणी घालून ते तिसऱ्या पेल्यात घ्या. तिन्हींचा रंग सारखा दिसेपर्यंत गरम पाणी घाला आणि शेजारी शेजारी ठेवून चाखा. पहिल्यात गोडसर, भरलेली चव. दुसऱ्यात ती बसलेली, पण पिण्याजोगी. तिसऱ्यात वास जवळजवळ नाही, आणि जीभ टाळूला चिकटल्यासारखी कोरडी.

अनघा_ठाणे
मग कप भरायला डिकॉक्शन पुरणार कसं? ९० मिलीत दोन कप?

कूर्गची_वाट
पुरतं. प्रत्येक कपात ४५ मिली डिकॉक्शन आणि वरून १०० मिली गरम पाणी. एकूण पाणी तुमच्या पद्धतीपेक्षा थोडं जास्तच लागतं. मुख्य फरक असा की पातळ करायचं पाणी चोथ्यातून न जाता सरळ कपात जातं. कॉफी पातळ वाटली तर पावडर २२–२४ ग्रॅम करा, चोथा मात्र पुन्हा धुऊ नका.
उरलेले दोन दोष थोडक्यात. डिकॉक्शन गॅसवर ठेवून पुन्हा तापवू नका, तापवताना ते अधिक कडू आणि आंबूस होत जातं. संध्याकाळसाठी ठेवायचं असेल तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि पिताना वरून उकळतं पाणी ओता, तेवढ्याने कप पुरेसा गरम होतो. आणि सुरुवातीचं पाणीही खळखळ उकळतं नको. गॅस बंद करून मिनिटभर थांबा, मग ओता.

निगुतीने
यात आणखी एक भर. फिल्टरमधली छत्री किती दाबता? पावडरीवर जोरात दाबली किंवा पावडर पिठासारखी बारीक असली की पाणी तासभर अडून बसतं. माझ्या फिल्टरला वीसेक मिनिटं लागतात, तेवढ्यात बहुतेक उतरायला हवं. त्याहून फार जास्त लागत असतील तर छत्री नुसती अलगद टेकवा, आणि दळून घेताना दुकानदाराला थोडी जाड दळायला सांगा. दहा मिनिटांच्या आत सगळं उतरलं तर उलट, जरा बारीक घ्या.

रानवारा
कारल्याचं पटलं. पण मीठ लागू पडतं हे माझं म्हणणं कायम आहे. हॉस्टेलवर, प्रवासात, ऑफिसच्या मशीनवर माणूस पद्धत कुठून बदलणार? तिथे खिशातले चार थेंबच कामाला येतात.

दळणकांडण
@रानवारा, पूर्ण सहमत. तयार झालेल्या कॉफीवर मीठ हा चांगला उपाय आहे. मी स्वतः तिथेच वापरतो.

पूर्वेकडून
व्हिएतनाममध्ये तर मिठाची कॉफी हा स्वतंत्र प्रकारच आहे. ह्वे शहरात २०१० च्या सुमारास सुरू झाला आणि आता सगळीकडे मिळतो. पण तिथे मीठ काळ्या कॉफीत पडत नाही. घट्ट, काळ्या भाजणीची रोबस्टा, खाली गोड कंडेन्स्ड दूध आणि वर खारट फेटलेली साय असा तो प्रकार. मीठ, साखर आणि दूध तिघं मिळून कडूपणा दाबतात. ते बघून नुसतं मीठ काळ्या कॉफीत घालून तोच परिणाम शोधणं बरोबर नाही.

जायफळवाली
दुधाची कॉफी असेल तर आपली जायफळाची पद्धत का विसरता? दोन कपांना जायफळ किसणीवर तीन-चार वेळा घासायचं, बास. वेलदोडाही चालतो.

घोटभर
जायफळ माझंही लाडकं आहे, पण ते कडूपणा कमी करत नाही. त्याच्या गोडसर वासामुळे लक्ष तिकडे जातं. आपल्याकडच्या कॉफीत कडूपणा जातो तो मुख्यतः दुधाने. दुधातली प्रथिनं कॉफीतल्या तुरट पदार्थांना धरून ठेवतात, आणि साखर उरलेलं काम करते. काळ्या कॉफीत जायफळ घातलं तर एक मिरमिरी चव वाढते, ती सगळ्यांना आवडेलच असं नाही.

मद्रासी_शेजार
मूळ प्रश्नात ४० टक्के चिकोरी आहे, त्यावर कुणीच का बोलत नाही? काळी प्यायची तर ६०:४० हे मिश्रण चुकीचं आहे. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, त्यात कॅफिन नाही, पण कडूपणा भरपूर. ती दुधाला रंग आणि दाटपणा देण्यासाठी असते. ८०:२० घ्या, किंवा सरळ चिकोरी नसलेली. आणि दुकानदाराला विचारा की कॉफीत रोबस्टा किती आहे. रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिन असतं आणि चवही जास्त रांगडी असते. काळ्यासाठी अरेबिका, मध्यम भाजणी. बी तेलकट, चकचकीत काळी दिसली तर घेऊ नका.

निगुतीने
चिकोरीला उगाच झोडपताय. चांगली भाजलेली चिकोरी जळक्या साखरेसारखी गोडसर लागते. माझ्या अनुभवात २० टक्के चिकोरीची काळी कॉफी नुसत्या कॉफीपेक्षा मऊ लागते. कडू लागते ती करपवलेली चिकोरी.

मद्रासी_शेजार
२० वर माझा वाद नाही, मीही तेच लिहिलंय. ४० वर आहे. आणि बाजारात करपवलेलीच जास्त मिळते.

साधाच_माणूस
मी इन्स्टंटवाला. मला कुणी वाली आहे का?

अनघा_ठाणे
आहे की. आधी डबीवर बारीक अक्षरांत चिकोरीचे टक्के लिहिलेले असतात ते वाचा. १५० मिलीला चहाचा एक सपाट चमचा, शिगोशीग नको. इन्स्टंटमध्ये चोथ्याचा प्रश्नच नाही, जे काही सुटायचं ते कारखान्यात सुटलेलं आहे. म्हणून तुमच्यासाठी दोनच गोष्टी हातात, प्रमाण आणि मिठाचे थेंब.

कपबशी
सगळ्यांचे आभार. तीन पेल्यांचा प्रयोग केला. तिसऱ्या पेल्याबद्दल @कूर्गची_वाट यांनी लिहिलंय ते शब्दशः खरं आहे, जीभ टाळूला चिकटली. एवढे दिवस तेच मिसळून पीत होतो. दुसरं पाणी बंद केलं, संध्याकाळचं डिकॉक्शन फ्रिजमध्ये. घोटानंतर जो कडूपणा राहायचा तो बराच कमी झाला. पूर्ण गेलेला नाही, पावडर अजून ६०:४० चीच आहे.
थेंबही करून पाहिले. तीन थेंबांना कॉफी गोल वाटली, पण एक शंका आहे: मिठाने वासही थोडा दबल्यासारखा वाटला. हे मनाचे खेळ की खरं?

दळणकांडण
अंदाजाने सांगण्यापेक्षा एक पद्धत सांगतो. घरच्या कुणाला तरी तीन सारखे कप भरायला सांगा, दोन बिनमिठाचे आणि एकात तीन थेंब, किंवा उलटं. कुठला कप कुठला ते तुम्हाला कळू देऊ नका. आधी वेगळा कप ओळखा, मग त्याचा वास कसा वाटतो ते ठरवा. वेगळा कप ओळखताच आला नाही तर तीन थेंब तुमच्यासाठी असून नसल्यासारखे.

रानवारा
माझ्या मते वास दबत नाही. आंबटपणा थोडा बोथट होतो आणि त्यालाच लोक वास समजतात. हलक्या भाजणीच्या, फळांसारख्या आंबट कॉफीत म्हणूनच मीठ घालू नये, तिची गंमतच जाते.

घोटभर
@रानवारा, हे मात्र नोंद करून ठेवण्याजोगं. कॉफी आंबट लागत असेल तर उपाय उलटे असतात: पाणी जास्त गरम, दळण बारीक, वेळ जास्त. कडू समजून त्यात मीठ घालत बसलं तर काहीच सुधारत नाही. घोटाबरोबर गालांच्या आतल्या बाजूला लाळ सुटली तर आंबट. घोटानंतर मागे रेंगाळलं तर कडू. तोंड कोरडं पडलं तर तुरट, आणि तुरटपणावर मिठाचा भरवसा धरू नका, तिथे दळण आणि वेळच बदलावी लागते.

कपबशी
तीन कपांचा प्रयोग रविवारी करतो. पावडर संपत आली आहे, आता ८०:२० आणतो. एकदम किती घ्यावी?

मद्रासी_शेजार
दळलेली असेल तर दोन आठवड्यांत संपेल एवढीच. तुमच्या दिवसाच्या २० ग्रॅमच्या हिशेबाने पाव किलोच्या वर जाऊ नका. पिशवीतली हवा काढून घट्ट बंद करा आणि कपाटात ठेवा, गॅसच्या वरच्या फळीवर नको. आणि @निगुतीने, तुमची ती गोडसर चिकोरी कुठल्या दुकानातली ते व्यनि करा. मलाही चाखून बघायची आहे.